बौद्ध वधू, बंगाली वर: एकाच पत्रिकेत दोन्हीकडचे शब्द

प्रश्न: मुलगी नागपूरची, घर बौद्ध. मुलगा इथल्याच बंगाली हिंदू कुटुंबातला. लग्न बौद्ध पद्धतीने, दोन दिवसांनी मुलाकडे बौभात, म्हणजे लग्नानंतरचे प्रीतिभोजन. दोन्हीकडची मंगलवचने एका पत्रिकेत कशी घ्यावीत?

उत्तर: दुघडी पत्रिका करा. डावे पान वधूकडचे, मराठीत. उजवे वराकडचे, बंगालीत. ज्या घरचे वचन, त्याच घरच्या निमंत्रकाच्या नावावर ते छापले जावे, बाकी मांडणी त्यावरून आपोआप ठरते.

सगळ्यात जास्त बिघडते ते पत्रिकेच्या माथ्यावर. छापखान्याच्या तयार नमुन्यात गणपती आणि ‘श्री गणेशाय नमः’ आधीच बसवलेले असते, आणि कोणी सांगितले नाही तर ते तसेच छापून येते. दीक्षाभूमीवर 1956 साली घेतलेल्या 22 प्रतिज्ञांमधली पहिली ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची आणि तिसरी गौरी-गणपतीची पूजा न करण्याची आहे. म्हणून गणपती काढायचाच. पण बंगाली पत्रिकेवरचे ‘श्रीश्री प्रजापतये नमः’सुद्धा दोन्ही पानांच्या वर मधोमध घेऊ नका, कारण प्रजापती म्हणजे ब्रह्माच. ती ओळ उजव्या पानावर राहू द्या. तिच्या सोबतीला फुलपाखराचे चित्र असते. डिझायनर ते नक्षी समजून बदलतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

डावे पान असे चालेल:

नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स
मंगल परिणय
सप्रेम जय भीम. आमची कन्या आयु. … आणि श्रीमान … यांचा मंगल परिणय रविवार, दि. … रोजी सकाळी 11.30 वाजता बौद्ध पद्धतीने … येथे संपन्न होणार आहे. आपण सहकुटुंब येऊन दोघांना मंगलकामना द्याव्यात, ही विनंती.
भवतु सब्ब मंगलं

इथे ‘शुभमुहूर्तावर’ नको. मुहूर्त पाहिलेलाच नसेल तर साधी वेळ पुरते. ‘चि. सौ. कां.’ काही बौद्ध घरांत चालते, काहींत नाही. ते वधूच्या आईवडिलांनाच विचारा.

उजव्या पानाचा मजकूर, इथे देवनागरीत:

श्रीश्री प्रजापतये नमः
सविनय निवेदन, आमार पुत्र श्रीमान … ओ कल्याणीया …-र शुभविवाह उपलक्षे आयोजित प्रीतिभोजे सबान्धबे उपस्थित थेके नवदम्पतिके आशीर्वाद करबेन। पत्र द्वारा निमन्त्रणेर त्रुटि मार्जनीय।

शेवटचे वाक्य गाळू नका. प्रत्यक्ष घरी न येता पत्राने बोलावल्याबद्दल ते माफी मागते, आणि ज्येष्ठ बंगाली नातेवाईक ते शोधतात. वरच्या मजकुरात ‘थेके… करबेन’ ही बोलीतली रूपे आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना जुनी ग्रांथिक भाषा हवी असेल तर ‘थाकिया… करिबेन’ करा, पण मग सगळी क्रियापदे तशीच ठेवा. दोन्हींची सरमिसळ बंगाली वाचकाला पहिल्याच वाचनात खटकते.

डावे पान लग्नाचे आणि उजवे बौभाताचे असल्यामुळे कोणाला कशाचे बोलावणे आहे, यात घोळ होतो. दोन्हीकडच्यांना दोन्ही ठिकाणी बोलवायचे असेल, तर दोन्ही पानांच्या तळाशी दुसऱ्या कार्यक्रमाची तारीख, वेळ आणि ठिकाण त्या-त्या भाषेत द्या. बंगाली तारीख घालायची तर वराचे घर जी पंजिका, म्हणजे बंगाली पंचांग, वापरते तिच्यातूनच घ्या. बांगलादेशात नवे वर्ष 14 एप्रिलला सुरू होते, पश्चिम बंगालमध्ये बहुधा 15 ला, त्यामुळे मोबाइलवर शोधलेली तारीख एका दिवसाने चुकू शकते.

दिवंगतांच्या नावांकडे नीट लक्ष द्या, ती चूक घरच्यांच्या फार जिव्हारी लागते. बौद्ध घरात आजोबांच्या नावाआधी ‘कालकथित’ लिहितात, ‘स्व.’ नाही. बंगालीत दिवंगताच्या नावाआधी नुसता चंद्रबिंदू देण्याची पद्धत आहे. मराठी टाइप करणाऱ्याला तो चुकून पडलेला ठिपका वाटतो आणि तो पुसून टाकतो. मग हयात नसलेले आजोबा पत्रिकेवर हयात दिसतात.

छपाईला देताना बंगाली मजकूर व्हॉट्सअॅपवर नुसता टाइप करून पाठवू नका. जुन्या फॉन्टवर काम करणाऱ्या छापखान्यात चिकटवल्यावर जोडाक्षरे सुटतात. ‘निमन्त्रणेर’ हा शब्द तपासायला सोयीचा आहे: त्यातले ‘न्त्र’ एकसंध दिसले पाहिजे आणि ‘णे’ची मात्रा बंगालीत अक्षराच्या डावीकडे आली पाहिजे. कुठे ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ दिसले तर फॉन्ट फसलाय. बंगाली वाचणाऱ्याने पान तयार करून पीडीएफ द्यावी आणि छापखान्याने त्यातली अक्षरे आकृतीत बदलून घ्यावीत. त्यानंतर दुरुस्ती करता येत नाही, म्हणून नावे त्याआधीच पक्की करा. कागदावरचे प्रूफ वराच्या घरच्या बंगाली वाचणाऱ्या माणसाने पाहून सही केल्याशिवाय छपाई सुरू करू देऊ नका.