जेवणानंतर पोट फुगतं, पथ्याने फरक नाही: ब्रेथ टेस्ट करावी का?

प्रश्न: "वय ३९, स्त्री. सात-आठ महिने दोन्ही वेळच्या जेवणानंतर पोट फुगून गच्च होतं. दूध, गहू, कांदा-लसूण, कडधान्यं सगळं बंद करून पाहिलं, फारसा फरक नाही. ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल वर्षभर रोज चालू आहे. शौचाला रोज होतं, पण साफ झाल्यासारखं वाटत नाही. लहान आतड्यात जंतू वाढले असतील म्हणून लॅक्च्युलोजची ब्रेथ टेस्ट लिहून दिली आहे. करावी का?"

मी बरीच वर्षं गॅस्ट्रोच्या लॅबमध्ये हीच चाचणी करते, म्हणून आधी मत सांगून टाकते. आज लगेच करू नका. पुढे करायची वेळ आलीच तर लॅक्च्युलोजऐवजी ग्लुकोजची करा, आणि हायड्रोजनबरोबर मिथेनही मोजणाऱ्या यंत्रावर करा.

हायड्रोजन आणि मिथेन हे वायू आपल्या शरीराच्या पेशी तयार करत नाहीत, ते आतड्यातले सूक्ष्मजीव करतात. त्यातला थोडा भाग रक्तात शोषला जाऊन श्वासातून बाहेर पडतो. मोठ्या आतड्यात हे जीव भरपूर असतात, लहान आतड्यात थोडे. म्हणून साखरेचं द्रावण प्यायला देतात आणि दोन-तीन तास, दर १५-२० मिनिटांनी यंत्रात फुंकर मारायला लावतात. वायू लवकर वाढला तर तो लहान आतड्यात तयार झाला असं मानतात. सगळी चाचणी या 'लवकर'वर उभी आहे, आणि लॅक्च्युलोज तिथेच घोळ घालतं.

लॅक्च्युलोज कोणाच्याही आतड्यात पचत नाही. ते पुढे मोठ्या आतड्यात जातंच आणि तिथे बहुतेकांचा आलेख चढतोच. २०१७ च्या उत्तर अमेरिकी तज्ज्ञांच्या सहमतीनुसार ९० मिनिटांच्या आत हायड्रोजन सुरुवातीच्या आकड्यापेक्षा २० पीपीएमने वाढला तर चाचणी पॉझिटिव्ह धरतात. पण अनेकांच्या पोटातलं द्रावण ९० मिनिटांच्या आधीच मोठ्या आतड्यात पोचतं. शिवाय लॅक्च्युलोज हे मुळात पोट साफ करण्याचं औषध, त्यामुळे ते स्वतःच आतडं घाईला लावतं.

लॅबमध्ये नेहमी दिसणारा एक नमुना घ्या. उपाशीपोटी हायड्रोजन ५. मग २० मिनिटांनी ६, ४० ला ६, ६० ला ९, ८० ला २७, १०० ला ५८. ८० व्या मिनिटाला वाढ २२ ची, म्हणून रिपोर्टवर 'पॉझिटिव्ह' छापून येतं. पण आलेख नीट पाहा. तासभर काहीच हललं नाही, आणि मग एकदम सुरू झालेली चढण कुठेही न उतरता वरच गेली. बहुधा हे द्रावण मोठ्या आतड्यात उतरल्याचं चित्र आहे. याच माणसाला दुसऱ्या दिवशी नव्हे, काही दिवसांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात दिलं आणि आकडे शेवटपर्यंत ४ ते ७ च्या मध्ये राहिले, तर पहिल्या रिपोर्टवर अँटिबायोटिक देण्याला फारसा आधार उरत नाही. ग्लुकोज लहान आतड्याच्या वरच्या भागातच शोषलं जातं, त्यामुळे सहसा ते मोठ्या आतड्यापर्यंत उरत नाही. त्याची उणीव अशी की लहान आतड्याच्या शेवटच्या भागातली वाढ त्यातून निसटू शकते. तरीही खोट्या पॉझिटिव्हवर औषधांचे कोर्स घेत बसण्यापेक्षा मला ही उणीव परवडते.

आता तुमच्याबद्दल. दोन गोष्टी मला चाचणीपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. शौच साफ होत नाही, हे तुम्ही शेवटी लिहिलंत, मी त्यालाच पहिलं धरेन. रोज जाऊनही मळ साठून राहतो, आणि पोट गच्च होण्याचं ते फार नेहमीचं कारण आहे. ते आधी डॉक्टरांकडून नीट हाताळून घ्या. त्यासाठी इसबगोल दिलं, तर काहींचं पोट त्याने उलट जास्त फुगतं, तसं झालं तर डॉक्टरांना सांगून दुसरं औषध घ्या. मिथेनही बद्धकोष्ठतेशीच जोडलेला असतो, म्हणून फक्त हायड्रोजन मोजणारं यंत्र तुमच्या बाबतीत अर्धीच गोष्ट सांगेल. मिथेन कुठल्याही वेळी १० पीपीएम किंवा जास्त आला तर तो पॉझिटिव्ह धरतात.

दुसरी गोष्ट गव्हाची. गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या सीलिॲक आजारासाठीची रक्तचाचणी, टीटीजी-आयजीए, गहू बंद असताना खोटी निगेटिव्ह येऊ शकते. तुम्ही गहू सोडण्याआधी ती झाली नसेल तर डॉक्टरांशी बोलून किमान सहा आठवडे रोज एकाहून जास्त वेळच्या जेवणात पोळी घ्या आणि मग रक्त द्या. बंद केलेल्या पदार्थांनी फरक पडला नसेल तर बाकीचेही एकेक करून परत आणा. इतकं सगळं कायम टाळून ताट कोरडं करण्यात अर्थ नाही.

पँटोप्राझोल वर्षभर कशासाठी चालू आहे, तेही विचारा. जठरातलं आम्ल कमी झालं की लहान आतड्यात जंतू वाढायला वाव मिळतो. कारण उरलं नसेल तर डॉक्टर ते हळूहळू कमी करतील. मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका, आम्ल काही दिवस उसळून येतं.

आणि सोनोग्राफी झाली नसेल तर करून घ्या, पोटाची आणि ओटीपोटाची दोन्ही. स्त्रियांमध्ये नव्याने सुरू होऊन टिकून राहिलेली पोटफुगी कधी कधी अंडाशयाच्या आजाराची असते. पन्नाशीनंतर हे जास्त महत्त्वाचं, पण त्याआधीही दुर्लक्ष करू नये. वजन घटणं, शौचातून रक्त, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारी दुखी किंवा जुलाब, यांपैकी काही असेल तर ब्रेथ टेस्टचा विचार बाजूला ठेवून आधी गॅस्ट्रोच्या डॉक्टरांना दाखवा.

मग ही चाचणी कोणी करावी? ज्यांच्या आतड्यात जंतू साचायला जागा किंवा कारण आहे, त्यांनी. पोटाची किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झालेली, जुना मधुमेह ज्यात नसांवर परिणाम आहे, आतड्याच्या टीबीने किंवा क्रोन या आतड्याच्या सुजेच्या आजाराने अरुंद झालेली जागा, आतड्याची हालचाल मंदावणारा स्क्लेरोडर्मा, किंवा बी१२ कमी आणि जुलाब दोन्ही एकत्र. अशा माणसाला रिपोर्टमुळे उपचार बदलता येतो. वरच्या सगळ्या पायऱ्या करूनही तुमची तक्रार तशीच राहिली, तर तुम्हीही करा, त्यात गैर काही नाही.

करणार असाल तर तयारी काटेकोर हवी, कारण बहुतेक वाया गेलेल्या चाचण्या मी इथेच पाहते. आधीचे चार आठवडे अँटिबायोटिक नको, आणि आठवडाभर रेचकं किंवा आतड्याची हालचाल वाढवणारी औषधं डॉक्टरांना विचारून बंद. आदल्या दिवशी साधा पांढरा भात, अंडं किंवा चिकन; डाळ, उसळ, पोळी, फळं, भाज्या काही नाही. रात्रीपासून १२ तास उपाशी. सकाळी सिगारेट नको, व्यायाम नको. लॅबमध्ये द्रावण पिण्याआधीच्या पहिल्या फुंकरीतच हायड्रोजन २०-२५ आला, तर बहुतेक वेळा आदल्या रात्रीचं वरण किंवा उसळ त्यामागे असते. अशा वेळी मी चाचणी पुढे ढकलायला सांगते. मधुमेह असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोजबद्दल आधीच कळवा.

पॉझिटिव्ह आलं तर सहसा रिफाक्सिमिन या अँटिबायोटिकचा दोन आठवड्यांचा कोर्स देतात, मिथेन असेल तर त्याला दुसरं औषध जोडतात. पण जंतूंची ही वाढ अनेकदा परत येते. इटलीतल्या एका अभ्यासात कोर्सने बऱ्या झालेल्यांपैकी नऊ महिन्यांत सुमारे ४४ टक्के जणांची चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह आली. मूळ कारण, म्हणजे साठलेला मळ, अरुंद जागा किंवा विनाकारण चालू असलेलं आम्लाचं औषध, तसंच राहिलं तर एकामागून एक कोर्स होत राहतात. म्हणून डॉक्टरांना भेटाल तेव्हा दोन प्रश्न विचारा: रिपोर्ट निगेटिव्ह आला तर काय बदलेल, आणि पॉझिटिव्ह आला तर कोर्सनंतर पुढे काय? दोन्हींचं ठोस उत्तर मिळालं तर चाचणीची तारीख घ्या.