अठराखालच्या मुलांचा रोस्टर: आधी त्यांचे तास बसवा, मग बाकीच्यांचे

प्रश्न: "आमचं नाशिकला फरसाण-मिठाईचं दुकान आहे, सकाळी ८ ते रात्री १०. पाच मोठी माणसं आहेत, ८ ते ४ आणि २ ते १० अशा दोन शिफ्ट. आता दोन मुलं घेतोय, एक १६ चा, एक १७ चा, दोघं अकरावी-बारावीला. गर्दी सकाळी १०-१२ आणि संध्याकाळी ६-९. त्यांना रोस्टरमध्ये कसं बसवायचं?"

पहिलं म्हणजे मोठ्यांच्या शिफ्टमधून दोन तास कापून त्यांची शिफ्ट करायला जाऊ नका, ते जमत नाही. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये बदलला, तेव्हापासून १४ ते १८ ची मुलं त्यात वेगळी धरली जातात आणि दुकानासाठी त्यांच्या तासांचं गणितच वेगळं आहे. सलग तीन तासांच्या वर काम नाही, मग किमान एक तास सुट्टी. आला तेव्हापासून गेला तोपर्यंत, सुट्टी धरून, सहा तासांच्या वर नाही. आणि संध्याकाळी ७ ते सकाळी ८ कामावर अजिबात नाही. म्हणजे हातात प्रत्यक्ष काम पाचच तासांचं येतं. (चौदाच्या आतला कोणी असेल तर हा विषयच नाही, ठेवायचाच नाही. आणि कारखान्याचं लायसन्स असेल तर नियम वेगळे, ते इथे लावू नका.)

आता तुमची गर्दी बघून कुणालाही पहिलं सुचतं ते असं की पोराला १० ते १२ बोलवू, घरी पाठवू, परत ५ ते ७ बोलवू, चारच तर तास होतायत. इथेच लोक फसतात. १० ला आला आणि ७ ला गेला म्हणजे नऊ तासांचा पसारा झाला, मधे तो घरी झोपला होता हे कुणी बघत नाही. कामाची वाट बघत बसलेला वेळही त्या सहा तासांतच मोजतात, म्हणजे ८ ला बोलवलंत आणि टेम्पो ९ ला आला तरी घड्याळ ८ लाच सुरू.

मी असतो तर असं केलं असतं. ज्याचं कॉलेज दुपारचं आहे त्याला सकाळी ८:१५ ते १०:४५, तासभर सुट्टी, मग ११:४५ ते १:४५. कॉलेज लवकरचं असेल तर सुट्टी आधी संपवून निघायची वेळ अलीकडे आणा. ज्याचं कॉलेज सकाळचं त्याला १ ते ३:१५, सुट्टी ४:१५ पर्यंत, मग ४:१५ ते ६:४५. दोन्हीकडे पंधरा-पंधरा मिनिटं मुद्दाम मोकळी ठेवलीयत, कारण ७ ला सुटणारा पोरगा काउंटरवर गिऱ्हाईक असताना ७ ला कधीच सुटत नाही, "एवढं बिल कर आणि जा" होतंच. तुमची २ ते १० वाली माणसं तेव्हा आधीच आत असतात हे बरंय, फक्त त्यांचा चहा ६:३० च्या आत उरकून घ्या, नाहीतर पोरगा निघताना काउंटर रिकामा.

मग संध्याकाळच्या गर्दीला तो नसेल तर त्याचा उपयोग काय? पॅकिंग. शेव, चिवडा, फरसाणच्या पाव आणि अर्धा किलोच्या पिशव्या, मिठाईचे खोके, सगळं ६:३० पर्यंत भरून रॅकवर, म्हणजे गर्दीत मोठ्यांनी फक्त द्यायचं आणि पैसे घ्यायचे. तळणाला मात्र उभं करू नका, हे माझं मत.

साप्ताहिक सुट्टीचं लोकांना माहीतच नसतं. मोठ्यांची सुट्टी तुम्ही फिरवत असाल, या मुलांची फिरवता येत नाही, वार ठरवून नोटीस दुकानात दिसेल अशी लावायची आणि तो वार तीन महिन्यांत एकदाच बदलता येतो. म्हणून रोस्टर करताना आधी यांचे दोन वेगळे वार पक्के करा, मोठ्यांच्या सुट्ट्या उरलेल्या वारांत बसवा.

दिवाळीत ओव्हरटाइम मागाल. नाही देता येत, पोरगा तयार असला, त्याचे वडील तयार असले, डबल पैसे दिले तरी नाही. तो आठवडा मोठ्यांवर किंवा अठरावरच्या टेंपररी माणसांवरच काढायचा.

शिफ्टची अदलाबदल ग्रुपवर होत असेल तर तीही बघा. मोठा माणूस मुलाची वेळ घेऊ शकतो, मुलगा मोठ्याची नाही. मी शीटमध्ये यांच्या ओळी पिवळ्या करून ठेवतो आणि त्यात बदल फक्त मीच करणार असं सांगून टाकलंय.

आणि हे विचारूनच घ्या, तो सकाळी दुसरीकडे कुठे जातो का. त्या दिवशी दुसऱ्या कुठल्या आस्थापनेत काम केलं असेल तर तुमच्याकडे येता येत नाही, मग तुमचे तास कितीही नियमात असोत. रजिस्टरमध्ये जन्मतारीख, कामाच्या आणि सुट्टीच्या वेळा, कामाचं स्वरूप लिहायचंच असतं, तीच जन्मतारीख रोस्टरच्या शीटमध्ये नावाशेजारी टाका. सतरावाला महिन्याच्या मधे अठराचा झाला तर त्या तारखेपासूनच त्याची ओळ बदलायची, महिन्याच्या १ तारखेपासून नाही.