कच्च्या निबंधाला लाल पेन लावू नका

प्रश्न: अकरावीच्या मुलांकडून एकच निबंध दोनदा लिहून घेते, आधी कच्चा, मग पक्का. कुठल्या वेळी कसले शेरे द्यावेत? दोन्ही वेळा सगळंच लिहीत बसले की रात्र जाते.

उत्तर:

कच्च्या निबंधातलं शुद्धलेखन तपासू नका. एकही चूक सुधारू नका. मी ठाण्यात ज्युनियर कॉलेजला मराठी शिकवते, आणि याच मुद्द्यावरून आमच्या पर्यवेक्षक मॅडमशी माझं वाजलेलं आहे. तेव्हा उत्तर थोडं तिखट लागलं तर समजून घ्या.

विषय होता 'आमच्या भागातला तलाव'. एका मुलानं मासुंदा घेतला. सुरुवातीला ठाणे हे तलावांचं शहर (हा परिच्छेद प्रत्येक वहीत असतो), मग तलावपाळीवरची संध्याकाळ आणि बोटी, मग स्वच्छता ठेवा वगैरे प्रवचन. त्याआधी कुठेतरी दोन ओळी होत्या: घरचा गणपती खाडीवर न्यायचा की तलावाजवळच्या कृत्रिम हौदात, यावरून बाबांचं आणि ताईचं दरवर्षी वाजतं, आणि मला दोघांचंही पटतं. सबंध वहीत त्याचं स्वतःचं एवढंच होतं.

मी तीनच शेरे लिहिले. त्या दोन ओळींना चौकट करून, 'तुझा निबंध इथे आहे, इथून सुरू करून बघ.' शेजारी, 'बाबा काय म्हणतात? ताई काय म्हणते? दोघांचं पटतं म्हणजे नेमकं काय पटतं?' आणि प्रवचनापाशी, 'हे काढलं तर काय बिघडेल?' 'मिरवणूकीत', 'आणी' सगळं दिसत होतं, पण मुद्दाम सोडलं. जो परिच्छेद उडणार आहे त्यातली वेलांटी सुधारून काय मिळणार?

नेमकी ती वही तपासणीला गेली. "लाल शाई कुठाय? पालक विचारतील, बाई वाचतात तरी का." मॅडमनी स्वतः बसून पानंच्या पानं लाल केली आणि वही परस्पर मुलाला दिली.

पक्का निबंध आला. प्रत्येक 'मिरवणूकीत'चं 'मिरवणुकीत' झालेलं, अक्षर सुरेख, प्रवचन जसंच्या तसं. माझे तिन्ही प्रश्न अनुत्तरित. मुलाचं काही चुकलं नाही. एकीकडे उतरवून काढायच्या दुरुस्त्या, दुसरीकडे निबंध मोडून पुन्हा बांधायचं काम. कोणीही पहिलंच करेल. शिवाय ओळ दुरुस्त करून दिली म्हणजे ती ओळ ठेवायची, असाच त्याचा अर्थ होतो. नॅन्सी सॉमर्स या अमेरिकन अभ्यासिकेनं 1982 साली 35 शिक्षकांच्या शेऱ्यांबद्दल हेच लिहिलं होतं: एकाच परिच्छेदात वाक्यं सुधारायलाही सांगतात आणि परिच्छेद वाढवायलाही, मग मुलांना कळत नाही की मजकूर पक्का झालाय की अजून घडायचाय. मॅडमचं म्हणणं, "भाषा तर सुधारली ना?" भाषा त्यांची होती, त्यानं फक्त उतरवली.

मी त्याला नवा कागद देऊन फक्त माझ्या तीन प्रश्नांवर लिहायला लावलं. बाबांचं 'वाहत्या पाण्यातच विसर्जन' आलं, ताईचं 'खाडीकाठी दुसऱ्या दिवशी काय दिसतं ते बघ' आलं, आणि त्याचं स्वतःचं आलं की हौद पटतो, पण मागे रांग असल्यानं आरती उरकावी लागते ते आवडत नाही. प्रवचन आपोआप गळलं.

आता पक्क्यावर काय लिहायचं. रचनेबद्दल 'असं करायला हवं होतं' हा शेरा इथे वाया जातो, कारण तो पुन्हा लिहिणार नसतो. कच्चा निबंध सोबत जोडून घ्या आणि काय बदललं, त्यानं काय साधलं ते एका वाक्यात सांगा. मी लिहिलं, 'आरतीच्या रांगेमुळे तुझी बाजू कळली.' शुद्धलेखन इथे, तेही एकाच प्रकारचं. याचं दुखणं होतं उपान्त्य दीर्घ अक्षराचं: मिरवणूक पण मिरवणुकीत, विहीर पण विहिरीत. एका ठिकाणी नियमासकट दाखवलं, बाकीच्या ओळींसमोर समासात नुसती फुली. चूक त्यानं शोधायची. बऱ्याचशा सापडतात. ज्या सापडत नाहीत, तेवढ्याच शिकवायच्या उरतात. शेवटी पुढच्या निबंधासाठी एकच गोष्ट. तुमची रात्रही वाचेल.

हे सगळं मूल खरोखर दुसऱ्यांदा लिहिणार असेल तरच. एकदाच लिहून घेत असाल तर तो पक्काच समजा. आणि वाक्याचा अर्थच लागत नसेल तर कच्च्यातही थांबा, पण दुरुस्त करू नका. 'इथे कोण कोणाला म्हणतंय?' एवढंच विचारा.

तपासणीचं म्हणाल, तर मी आता कच्चे निबंध सुट्या कागदांवर घेते. मॅडमकडे वह्याच जातात.