रिटार्गेटिंगचा आकडा चांगला दिसतो, म्हणूनच तो आधी तपासा

प्रश्न: मी ऑनलाइन कोर्स विकते. फेसबुक-इन्स्टाग्रामच्या जाहिरातींसाठी महिना ३० हजार आहेत. अवेअरनेस, कन्सिडरेशन आणि रिटार्गेटिंग अशा तीन ऑडियन्समध्ये हे पैसे कसे वाटावेत? लुकअलाइक वापरू का?

रिटार्गेटिंगला, म्हणजे आधी येऊन गेलेल्यांनाच परत जाहिरात दाखवायला, सगळ्यात कमी, आणि किती ते शेवटी नाही, सगळ्यात आधी ठरवायचं. कोणीही ‘७० टक्के रिटार्गेटिंगला टाका, तिथेच विक्री होते’ असं सांगितलं तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. आम्ही पाठवलं नव्हतं, म्हणून एवढं लिहितोय.

माझी वहिनी कुडाळला असते. कोकम आगळ, आंबापोळी, फणसाचे गरे हे घरच्या घरी करून पॅक करून विकायचं कसं, याचा तिचा कोर्स आहे, किंमत २,४९९ रुपये. जाहिराती आधी मी बघायचो. मग दादाला वाटलं की हे आपल्या गावठी डोक्याचं काम नाही, आणि त्याने मुंबईची एक एजन्सी लावली. बजेट तेच, ३० हजार, वर १८ टक्के जीएसटी. त्यांनी ९ हजार वरच्या, म्हणजे नवीन लोकांना दाखवायच्या जाहिरातींना ठेवले आणि २१ हजार रिटार्गेटिंगला लावले. ऑडियन्स एकच: १८० दिवसांत वेबसाइटवर आलेले आणि ३६५ दिवसांत इन्स्टाग्रामवर कधीही काहीही लाइक केलेले, सगळे एका पातेल्यात. जानेवारीचा रिपोर्ट आला. रिटार्गेटिंगमधून २८ विक्री, आरओएएस ३.३, म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागे ३.३ रुपयांची विक्री. दादाने तो रिपोर्ट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. मला उद्देशून होता हे कोणी सांगायला नको.

मी त्याच रिपोर्टमधला दुसरा रकाना बघितला. रीच ४ हजार, फ्रिक्वेन्सी २५. म्हणजे त्याच चार हजार माणसांना महिन्यात सरासरी पंचवीस वेळा वहिनीचा चेहरा. त्याच आठवड्यात मासळी बाजारात एकीने तिला ऐकवलं, “वयनी, मोबाईल उघडलो की तुमीच दिसतास!” वहिनी हसली, पण घरी येऊन गप्प बसली होती.

मग आम्ही दोघांनी तिची वही काढली. कोण कधी फोन करतं, काय विचारतं, हे ती अजूनही वहीतच लिहिते, आणि सगळ्या प्रकरणात तेवढीच एक खरी नोंद होती. २८ पैकी १९ नावं वहीत आधीपासून होती. फोन झालेला, फी विचारलेली, ‘पगार झाला की भरते’ म्हटलेलं. एका नावावर बोट ठेवून ती म्हणाली, “भावोजी, ह्या बायेन तर माका तीनदा फोन केल्यान. तिका परत जाहिरात कित्याक?”

हे असं होतं कारण हिशोबाची पद्धतच तशी आहे. मेटाच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांत, किंवा जाहिरात नुसती दिसल्यापासून एक दिवसात झालेली विक्री त्या जाहिरातीच्या खात्यावर जाते. जवळजवळ रोज जाहिरात दिसणाऱ्या माणसाने कुठल्याही कारणाने, कुठल्याही दिवशी पैसे भरले तरी श्रेय रिटार्गेटिंगलाच मिळणार. जो घ्यायच्या बेतात आहे त्यालाच शोधून जाहिरात दाखवायची आणि मग विक्री आपण केली म्हणायचं. बसमध्ये आधीच बसलेल्यांची तिकिटं फाडून ‘आज मी एवढे प्रवासी आणले’ म्हणणारा कंडक्टर बघितलाय का कधी?

दादाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून फेब्रुवारीत रिटार्गेटिंग पूर्ण बंद करायला लावलं. वरचे ९ हजार तसेच चालू ठेवले, २१ हजार खर्चच केले नाहीत. जानेवारीत सगळीकडून मिळून ३४ विक्री होती, फेब्रुवारीत २९ झाली. फरक पाचाचा. २१ हजार भागिले पाच म्हणजे ४,२०० रुपये, २,४९९ चा कोर्स विकायला. दादा म्हणाला एका महिन्यावरून काही सिद्ध होत नाही. त्यावर शेवटी बोलतो.

आता तुमचे पैसे. खालून, म्हणजे रिटार्गेटिंगपासून सुरू करा. कोर्सचं पेमेंट पान उघडून पैसे न भरलेले आणि तुमच्या फुकट क्लासला नाव नोंदवून कोर्स न घेतलेले, असे गेल्या १४ ते ३० दिवसांतले किती जण आहेत ते बघा. धरा १,२०० आहेत. त्यांना महिन्यात दहा वेळा दिसलात तर पुष्कळ झालं. या छोट्या ऑडियन्सचा सीपीएम, म्हणजे हजार वेळा दाखवण्याचा खर्च, आमच्याकडे २०० च्या आसपास पडतो. १,२०० गुणिले १० म्हणजे १२ हजार वेळा, त्याचे झाले २,४०० रुपये. बस. या महिन्यात रिटार्गेटिंगमध्ये याहून जास्त पैसे मावतच नाहीत. जास्त ओतले तर माणसं वाढणार नाहीत, फक्त त्याच माणसांच्या डोळ्यांवर मारा वाढेल. १८० दिवसांची खिडकी लावून ऑडियन्स फुगवता येतं, पण ऑगस्टमध्ये एकदा पान उघडून बंद केलेल्या माणसाला जानेवारीत ‘शेवटचे दोन दिवस’ सांगून काय मिळणार?

आणि ही जाहिरात ‘परचेस’वर ऑप्टिमाइझ करू नका. ॲड सेट स्थिर व्हायला आठवड्याला साधारण ५० घटना लागतात. बाराशे माणसांतून आठवड्याला ५० विक्री व्हायची असती तर तुम्ही हा प्रश्न विचारला नसता. उद्दिष्ट अवेअरनेस ठेवा, त्यात रीच निवडा आणि फ्रिक्वेन्सी कॅप सात दिवसांत दोन वेळा अशी लावा. नावाने गोंधळू नका, तळाच्या ऑडियन्सलाही हे उद्दिष्ट चालतं.

उरले २७,६००. त्यातले साधारण १६ हजार वर. एक-दीड मिनिटाचा व्हिडिओ, ज्यात कोर्सची विक्री नाही पण एक कामाची गोष्ट पूर्ण सांगितलेली आहे. वहिनीचा सगळ्यात चाललेला व्हिडिओ म्हणजे आगळात मीठ किती आणि का घालायचं, ओट्यावर मोबाईल टेकवून काढलेला. ऑप्टिमायझेशन थ्रूप्लेवर, म्हणजे व्हिडिओ पूर्ण किंवा निदान १५ सेकंद बघणाऱ्यांवर. ऑडियन्स मोकळं, इंटरेस्ट लावू नका, कारण कोण पुढे न्यायचं ते व्हिडिओच निवडतो. ज्याला आगळाशी देणंघेणं नाही तो दहा सेकंदात पळतो.

बाकीचे ११ हजार आणि वर काही उरलेले मधल्या टप्प्याला. तो व्हिडिओ निम्म्याहून जास्त बघितलेले, गेल्या ६० दिवसांतले. ३ सेकंदवाले घेऊ नका, ते अंगठा थांबला म्हणून मोजले गेलेले असतात. यांना कोर्स विकायचा नाही, रविवारच्या फुकट क्लासला बोलवायचं, लीड फॉर्मने. क्लासला आलेले आपोआप तुमच्या खालच्या १,२०० मध्ये भर घालतात. खालचा आकडा वाढला की पुढच्या महिन्यात तिथले पैसे वाढवा.

आता मार कुठे बसतो ते सांगतो. प्रत्येक टप्प्यातून पुढच्या टप्प्यातले लोक वगळायचे हे तुम्हाला माहीत असेलच. पण आपल्याकडे निम्म्या बायका वेबसाइटवरून पैसे भरत नाहीत, वहिनीच्या नंबरवर जीपे करतात आणि स्क्रीनशॉट पाठवतात. पिक्सेलला, म्हणजे वेबसाइटवर लावलेल्या मेटाच्या कोडला, ही विक्री दिसतच नाही. त्याच्या दृष्टीने त्या बाईने पेमेंट पान उघडलं आणि सोडून दिलं. म्हणजे ती थेट रिटार्गेटिंगमध्ये जाते! मालवणच्या एकीने पूर्ण २,४९९ भरले आणि तिसऱ्या दिवशी तिला आमचीच ‘५०० रुपये सूट’ अशी जाहिरात दिसली. तिने जाहिरातीखाली जे लिहिलं ते इथे लिहिता येत नाही. वहिनीने ५०० परत केले, माफी मागितली, आणि एजन्सीने सांगितलं की एक्सक्लूजन तर बरोबर लावलंय. लावलं होतंच, फक्त पिक्सेलवरच्या विक्रीचं. तेव्हापासून दर सोमवारी वहीतले नंबर, पुढे ९१ लावून, कस्टमर लिस्ट म्हणून मी स्वतः चढवतो. सगळे जुळत नाहीत, एखादीने फेसबुकला दुसरा नंबर दिलेला असतो. म्हणून सूटवाली जाहिरात रिटार्गेटिंगमध्ये चालवणंच बंद केलं. तिथे आता जुन्या विद्यार्थिनीच बोलतात. घेतलेल्याला ती दिसली तरी राग येत नाही.

कोकणातून विकत असाल तर आणखी एक. फक्त रत्नागिरी-सिंधुदुर्ग निवडलंत तर मेटा तिथे राहणाऱ्यांसोबत तिथे नुकतेच येऊन गेलेलेही धरतं. गणपतीत अर्धी मुंबई इथे असते. एका वर्षी त्या दहा दिवसांत आमचे व्हिडिओ बघणारे भरमसाट वाढले, आम्ही खूश. पुढच्या महिन्यात क्लासला येणारे मात्र होते तेवढेच. ते चाकरमानी होते, पडवीत बसून गावची आठवण म्हणून आगळाचा व्हिडिओ बघितलेला, परळला परत जाऊन आगळ करणार थोडेच! त्या दिवसांत आम्ही वरचा खर्च कमी करतो.

दादाच्या आक्षेपाबद्दल. त्याचं थोडं बरोबर आहे. एक महिना चालू, एक महिना बंद ही कच्ची चाचणी आहे, आणि ३४ विरुद्ध २९ एवढ्या लहान आकड्यांत तीन-चारचा फरक नुसत्या नशिबानेही पडतो. फेब्रुवारी तसाही २८ दिवसांचा, म्हणजे खरा फरक पाचापेक्षा कमीही असेल. उलट तेव्हा मोहोर धरलेला असतो, लोकांना आंबापोळीचं सुचायला लागतं, म्हणजे तो पाचापेक्षा जास्तही असेल. पाचाऐवजी आठ धरले तरी विक्रीमागे २,६०० पडतात, तोटा तोटाच. तुमचा कोर्स १५-२० हजारांचा असेल तर मात्र गणित वेगळं होईल. एवढे पैसे द्यायला माणूस महिनाभर विचार करतो, तिथे ३० ऐवजी ६० दिवसांची खिडकी लावा, आणि पाच जादा विक्रीसाठी २१ हजार खुशाल द्या. तुम्ही किंमत लिहिलेली नाही, म्हणून मी वहिनीची धरली.

आणि अजून एक: तुमच्या खात्यात ऑडियन्स ‘ॲडव्हान्टेज प्लस’वर असेल तर तुम्ही दिलेली यादी मेटा नुसती सूचना म्हणून घेतं आणि बाहेरच्यांनाही दाखवतं. वरच्या टप्प्याला ते चालेल. खालच्या दोन टप्प्यांत ते बंद करून जुन्या पर्यायांवर जा, नाहीतर हे सगळं वाटप कागदावरच राहील.

लुकअलाइकचं, म्हणजे तुमच्या ग्राहकांसारखी माणसं मेटाने शोधून दिलेल्या ऑडियन्सचं, राहिलंच. विकत घेतलेल्यांची यादी शंभराच्या खाली असेल तर तो बनतच नाही, आणि शंभर-दीडशेवर बनवलेला आमच्याकडे मोकळ्या ऑडियन्सपेक्षा काही वेगळा चालला नाही. दादा म्हणतो चालला होता. रिपोर्ट माझ्याकडे आहे.