हळद एकच, पैसे भरायचे पर्याय वेगळे का?

सांगलीच्या हळदवाल्याच्या साइटवर मला यूपीआय दिसतं, नेदरलँड्समधल्या ताईला iDEAL, म्हणजे तिथली बँक खात्यातून थेट पैसे भरायची सोय. असं का?

साइट बहुतेक वेळा आयपी पत्त्यावरून देश ओळखते आणि तिथे चालतील तेच पर्याय दाखवते. यूपीआयला भारतातलं बँक खातं लागतं, iDEAL ला सहसा तिथल्या बँकेतलं युरोचं. कॅश ऑन डिलिव्हरी तर कुरिअरवाला दारात रोकड घेणार असेल तरच. ॲमस्टरडॅममध्ये ती कोण गोळा करणार? कार्ड मात्र सहसा दोघांनाही दिसतं.

हा अंदाज चुकतोही. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर युरोपातला आयपी पत्ता दाखवणारं व्हीपीएन चालू राहिलं होतं, तर सांगलीच्या विश्रामबागेत बसून किमती युरोत आणि यूपीआय गायब! व्हीपीएन बंद करून पान रिफ्रेश केलं, लगेच आलं. ताईने साइटवर देश भारत निवडला तर कदाचित यूपीआय दिसेल, पण भारतीय खातं नसेल तर पैसे जाणार नाहीत.