‘एवढं जरा बसवून द्या’: वाढीव कामाचा मेल कसा लिहावा

प्रश्न: सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेल कारखान्यासाठी मी बिलिंग आणि साठ्याचं सॉफ्टवेअर करतोय. सही झालेल्या कोटेशनमध्ये 9 मुद्दे, रक्कम 1,80,000 रुपये, मुदत 15 जानेवारी. आता शेठ व्हॉट्सअ‍ॅपवर गोदामनिहाय साठा, कामगारांची नगावरची मजुरी आणि डीलरसाठी मोबाइल ऑर्डर मागतात. मजुरीचा भाग अर्धा झालाय. पैशांचं कसं बोलू?

उत्तर: बोलू नका, लिहा. पण त्याआधी कोटेशन समोर घेऊन तिन्ही मागण्या एकेक करून त्यावर लावून बघा. ‘साठा रिपोर्ट’ हा मुद्दा तुमच्या कोटेशनमध्ये असणारच. तोच रिपोर्ट गोदामनिहाय मागणं हे माझ्या मते मूळ कामातच बसतं, म्हणून त्याचे पैसे मागू नका. ही एक कच्ची मागणी यादीत राहिली, तर उरलेल्या दोन रास्त मागण्याही संशयात येतात. मजुरी आणि डीलर ऑर्डर मात्र बिलिंगही नाही आणि साठाही नाही. ते नवं काम आहे.

भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 62 नुसार करारात बदल दोघांच्या संमतीनेच होतो. म्हणजे शेठ एकतर्फी काम वाढवू शकत नाहीत, तसंच तुम्हीही एकतर्फी दर लावू शकत नाही. तुमचा मेल हा फक्त प्रस्ताव असतो, आणि त्यावर ते गप्प राहिले तर तो होकार ठरत नाही.

अर्धा झालेला मजुरीचा भाग सध्या त्यांच्या कॉम्प्युटरवर बसवू नका. कलम 70 नुसार, फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा समोरच्याने लाभ घेतला, तर मोबदला मागता येतो. पण तो हेतू नव्हता हे तुम्हालाच दाखवावं लागतं. दराचा एक शब्दही न काढता काम वापरायला दिलंत, तर ते अवघड जातं. आणि काम तुमच्याच लॅपटॉपवर असेल, तर त्यांनी लाभ घेतला असं म्हणताच येत नाही.

मेल असा लिहा. तुमचा ताशी दर 600 रुपये आणि आठवड्याला 30 तास काम, असं मी धरलं आहे. तुमचे आकडे घाला.

> विषय: वाढीव कामासाठी चेंज रिक्वेस्ट क्र. 1
>
> नमस्कार शेठ,
>
> गोदामनिहाय साठा रिपोर्ट मूळ कामातच धरला आहे, त्याचा वेगळा खर्च नाही. मूळ 9 मुद्द्यांचं काम ठरल्याप्रमाणे सुरू आहे.
>
> व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलेली पुढची दोन कामं कोटेशनमध्ये नाहीत:
>
> अ) कामगारांची नगावरची मजुरी: 60 तास, 36,000 रुपये, 2 आठवडे.
> आ) डीलरसाठी मोबाइल ऑर्डर: 90 तास, 54,000 रुपये, 3 आठवडे.
>
> दोन्ही हवी असल्यास वाढीव रक्कम 90,000 रुपये होईल आणि संपूर्ण काम 15 जानेवारीऐवजी 19 फेब्रुवारीला मिळेल. एकच हवं असेल किंवा मूळ काम आधी वापरात घेऊन ही नंतर करायची असतील, तरी चालेल. वाढीव रकमेपैकी निम्मी सुरुवातीला, निम्मी काम दिल्यावर.
>
> ‘अ’, ‘आ’ की दोन्ही, आणि रक्कम व तारीख मान्य, एवढं या मेलच्या उत्तरात कळवावं. ते उत्तर येईपर्यंत ही दोन कामं पुढे नेणार नाही.

जीएसटी नोंदणी असेल तर 18 टक्के वेगळे, हे मेलमध्येच लिहा. नंतर बिलात ते पहिल्यांदा दिसलं की वाद तिथूनच सुरू होतो.

‘मूळ काम सुरू आहे’ हे वाक्य काढू नका. रागाच्या भरात सगळंच काम थांबवलंत, तर करार तुम्हीच मोडला असं शेठ म्हणू शकतील आणि चर्चा तुमच्या पैशांवरून त्यांच्या नुकसानीवर जाईल. तारखेचंही तसंच आहे. वाढीव काम घेतलंत आणि नवी मुदत ठरवली नाहीत, तर 15 जानेवारी उलटल्यावर उशिराचा ठपका तुमच्यावर येऊ शकतो.

उत्तर मेलवरच यावं. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालेला करार केवळ त्या कारणाने अवैध ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 10अ मध्ये स्पष्ट आहे. व्हॉट्सअ‍ॅपचा जुना संवाद पुसू नका, मूळ फोनही जपून ठेवा. नुसता स्क्रीनशॉट कोर्टात पुरेसा पडत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र त्यासोबत लागतं.

बहुधा शेठ मेलला उत्तर देण्याऐवजी फोन करतील आणि म्हणतील, “तुम्ही करा हो, पैशांचं बघू.” यात रकमेला होकार नाही. त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका: ‘आज फोनवर आपण काम पुढे न्यायला सांगितलंत. 90,000 रुपये आणि 19 फेब्रुवारी मान्य असल्याचं कळवलंत की लगेच सुरू करतो.’ आणि ते कळवेपर्यंत खरोखरच सुरू करू नका.