कॉलमधलं वाक्य आणि त्याची नेमकी वेळ

प्रश्न: पुण्यातल्या दुकानदारांशी झालेल्या रिसर्च कॉलचा सारांश लिहितोय. प्रत्येक कोटवर क्लिक केलं की रेकॉर्डिंग तिथूनच सुरू व्हावं, कसं करू?

रेकॉर्डिंग गूगल ड्राइव्हवर ठेवा आणि प्रत्येक कोटला फाइलच्या लिंकमागे वेळ जोडून द्या:

```
.../view?t=12m26s
```

समजा, हडपसरचा दुकानदार 12:34 ला म्हणतो, "उधारी मी वहीतच लिहितो." लिंक 12:26 ची द्या, म्हणजे तुमचा प्रश्नही ऐकू येईल. उत्तर प्रश्नानेच त्याच्या तोंडी घातलं होतं का, हे वाचणाऱ्याला तपासता आलंच पाहिजे. कोट ट्रान्स्क्रिप्टमधून थेट उचलू नका, ऐकून दुरुस्त करा. मराठी-हिंदी मिसळलेल्या बोलण्यात "नाही"सारखा शब्द गळला तरी अर्थ उलटतो.

मात्र ट्रान्स्क्रिप्ट निघाल्यावर व्हिडिओ कापला असेल तर वेळा सरकतात. पहिला आणि शेवटचा कोट वाजवून पाहा. दोन्हींत सारखाच फरक असेल तर सुरुवात कापलेली आहे, तेवढे सेकंद सगळीकडे वजा करा. फक्त शेवटचा चुकत असेल तर मधला भाग कापलाय, आणि त्यापुढच्या लिंकच बदलाव्या लागतील.